सी ब्लॉकची तूट

भास्कर टेंभेकरांना माणसांपेक्षा आकड्यांवर जास्त भरवसा होता, आणि त्र्याण्णव सालच्या जून महिन्यात त्यांच्या आकड्यांनी त्यांच्या सगळ्यात जुन्या मित्राकडे बोट दाखवलं.

लखनऊला मानक नगरच्या पलीकडे एक मोठी संशोधन संस्था होती. प्रयोगशाळा, कार्यशाळा, वसतिगृह, दवाखाना आणि कर्मचाऱ्यांची वसाहत असा सगळा मिळून तो एक गावच होता, आणि त्या गावाच्या विजेचे मालक म्हणजे भास्कर. मालक हा शब्द लोकांचा. पंखा हळू फिरायला लागला की लोक वीज बोर्डाला शिव्या देत नसत, टेंभेकर साहेबांना देत. ते एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर होते आणि मूळचे मिरजेचे, त्यामुळे शिव्या हिंदीतून असल्या तरी त्यांना चांगल्याच समजत.

त्या उन्हाळ्यात शिव्यांना कारणही होतं. संस्थेच्या फाटकाजवळ मुख्य उपकेंद्र होतं. तिथून अकरा हजार व्होल्टची केबल निघायची आणि एकेका ट्रान्सफॉर्मरला वीज देत सगळ्यात शेवटी सी ब्लॉकला पोचायची. वाटेतल्या प्रयोगशाळांना दोनशे चाळीसच्या वर दाब मिळायचा आणि टोकाच्या सी ब्लॉकमध्ये संध्याकाळी सातला एकशे ब्याऐंशी. ट्यूबलाइट नुसत्या डोळे मिचकावायच्या. कूलरचा पंखा फिरायचा, पण वारा काही यायचा नाही.

यावर इलाज होता आणि तो भास्करना पाठ होता. ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यातून ठिकठिकाणी तारा बाहेर काढलेल्या असतात, त्यांना टॅप म्हणतात. वरच्या दाबाची थोडी वेटोळी कमी करणारा टॅप घेतला की खालच्या बाजूला घरांना मिळणारा दाब वाढतो. मुख्य उपकेंद्रातल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा टॅप चालू विजेवर, बटण दाबून बदलता यायचा. पण तो वाढवला की सगळ्या गावाचा दाब वाढणार, आणि मग प्रयोगशाळांतली महागडी यंत्रं जळणार. ब्लॉकच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचा टॅप मात्र ज्याचा त्याचा. त्याला एक ते पाच खुणा होत्या, नंबर चढेल तसा घरचा दाब चढायचा, आणि तो फिरवायचा तर आधी वीज बंद करायची. वर्षानुवर्षं ते सगळे तीन नंबरच्या मधल्या खुणेवर गंज खात पडले होते.

कुठला टॅप कुठे ठेवायचा हे अंदाजाने ठरवायचं नाही, असा भास्करांचा बाणा. ऑफिसात नव्याने आलेल्या कॉम्प्युटरवर त्यांनी सगळ्या जाळ्याचा लोड फ्लो बसवला होता. प्रत्येक केबलचा रोध, प्रत्येक ट्रान्सफॉर्मरचा टॅप, प्रत्येक ब्लॉकचा भार टाकायचा आणि कुठे किती दाब उरतो, कुठून किती प्रवाह जातो हे यंत्राने सांगायचं. भार त्यांनी पंखे, दिवे, फ्रिज, कूलर मोजून टाकला होता. दाब पडला की दिवा मंद होतो आणि कमी प्रवाह ओढतो, हेही त्यांनी हिशेबात धरलं होतं. प्रोग्रॅम इतका छान बसला, की तेरा ट्रान्सफॉर्मरचे आकडे मीटरशी जवळपास तंतोतंत जुळले.

चौदावा जुळेना. सी ब्लॉक.

हिशेबाने सी ब्लॉकच्या ट्रान्सफॉर्मरमधून संध्याकाळी साडेचारशे अ‍ॅम्पिअर जायला हवे होते. प्रत्यक्षात काटा सहाशेच्या वर उभा. दीडशेहून जास्त अ‍ॅम्पिअर कुणीतरी खात होतं, हिशेबात तेवढी तूट होती, आणि तेच जास्तीचं खाणं सगळ्या ब्लॉकचा दाब खाली ओढत होतं.

"कोई ए. सी. चला रहा है, टेंभेकर," चीफ इंजिनिअर सक्सेना म्हणाले. वसाहतीत घरोघरचे मीटर कधीच बंद पडले होते. विजेचे ठरावीक पैसे पगारातून कापले जात, म्हणून ए. सी., भट्टी, घरगुती कारखाना यांना सक्त मनाई होती. सापडलेल्याचं क्वार्टर जायचं आणि नोकरीच्या कागदांवर डाग लागायचा तो वेगळाच. "आप टैप बढ़ाने की बात करते हैं. चोर को और वोल्टेज दे दें? पहले नाम लाइए. पंद्रह दिन देता हूँ, फिर सोमवार को मेरी मेज़ पर नाम चाहिए."

आता भास्करांचं मन मुळात वाईट नव्हतं. पण संशयाला एकदा पाट दिला की तो जेवूनच उठतो, आणि भास्करांनी त्याला पाट, ताट, तूप सगळं दिलं. टाँग टेस्टर घेऊन, म्हणजे तारेभोवती चिमट्यासारखा धरला की प्रवाह सांगणारं यंत्र घेऊन, ते दोन संध्याकाळी सी ब्लॉकच्या जिन्यांखालून फिरले. घराघरात जाणाऱ्या तारा मोजल्या. बरेच आकडे जास्त होते, पण सगळ्यात जास्त आकडा निघाला तो सी-चोवीसचा.

सी-चोवीस म्हणजे लक्ष्मीकांत वाळिंबे. संस्थेच्या लेखा विभागातले, बार्शीचे. भास्कर लखनऊला आले त्या पहिल्या रात्री स्टेशनवर घ्यायला लक्ष्मीकांत आले होते, ओळखदेख नसताना, केवळ मराठी माणूस येतोय एवढं कळलं म्हणून. दोघांच्या बायका एकत्र पापड लाटायच्या. एकमेकांच्या घराची किल्ली एकमेकांकडे असायची. अशा माणसाच्या तारेवर भास्करांनी चिमटा दोनदा धरला, तिसऱ्यांदा धरला आणि आकडा खिशात घातला.

मग त्यांना सगळं आठवायला लागलं. होळीनंतर लक्ष्मीकांत निशातगंजच्या बाजारातून रिक्षाने एक मोठं खोकं घेऊन आला होता, चादरीत गुंडाळलेलं. भास्कर समोरून आले तर गडबडून म्हणाला, "काही नाही रे, नीलमचं सामान आहे." नीलमवहिनी नानखटाई करून ओळखीच्या घरी विकायच्या, हे सगळ्यांना माहीत होतं. पूर्वी नानखटाई डब्यातून यायची. हल्ली पुठ्ठ्याच्या खोक्यांतून, वर रिबीन लावून यायला लागली होती. आणि आतल्या खोलीचं दार. पूर्वी ते सताड उघडं असायचं, आता पडदा लावलेला. नानखटाई तीच होती, पण आता भास्करना तिला भट्टीचा वास यायला लागला.

"अहो, तुम्ही त्यांच्याकडे असे का बघत होता?" शनिवारी वाळिंब्यांकडून परतताना गीताने विचारलं.

"कसे?"

"भिंतीकडे. पडद्याकडे. नीलम दोनदा मागे वळून बघत होती, की पाल आहे का काय."

भास्कर नुसतेच पुढे चालत राहिले. त्यांना स्वतःची लाज वाटत होती आणि लक्ष्मीकांतचा रागही येत होता, आणि दोन्हींचा दोष ते लक्ष्मीकांतलाच देत होते.

पुढच्या आठवड्यात वाळिंबे कानपूरला भाचीच्या लग्नाला गेले. बाल्कनीतल्या तुळशीला पाणी घालायला किल्ली गीताकडे होतीच. घर बंद झालं तरी सी ब्लॉकची तूट फक्त चिमूटभर कमी झाली. शहाण्या माणसाने इथे थांबून म्हटलं असतं, की बाबा, हा एकटा तर नाही. भास्कर शहाणे होते, पण त्या दिवसांत नव्हते. एकाच घरात भट्टी असेल तर दीडशे अ‍ॅम्पिअर होत नाहीत हे त्यांना कळत होतं; मग यांचं बघून अजून कितीजणांनी घेतल्या असतील, असं ते म्हणत राहिले. सोमवार जवळ आला होता, आणि नाव एकच होतं.

शुक्रवारी संध्याकाळी ते गीताला म्हणाले, "आज तुळशीला मी पाणी घालतो."

गीताने त्यांच्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने स्वतःच्या घरच्या तुळशीला कधी पाणी घातलेलं नव्हतं. तरी तिने किल्ली दिली. खिशात टाँग टेस्टर आहे हे तिला दिसलं की नाही, कोण जाणे.

वाळिंब्यांचं घर आवरलेलं होतं. भास्करांनी आधी खरोखर तुळशीला पाणी घातलं, म्हणजे खोटं बोलल्यासारखं होऊ नये. मग आतल्या खोलीचा पडदा सरकवला.

भट्टी नव्हती. ए. सी. नव्हता. कपाटाच्या आडोशाला लाकडी पाटावर एक राखाडी पेटी मंद घुंघुं करत बसली होती. पुढे व्होल्टमीटर, खाली एक खटका. स्टॅबिलायझर. पण टीव्हीखाली असतो तसा चिमुकला नव्हे; सगळ्या घराची मेन लाइन त्याच्यातून गेली होती. निशातगंजच्या दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली होती. आत येणारा दाब एकशे ब्याऐंशी, बाहेर जाणारा दोनशे बावीस.

भास्कर पलंगाच्या कडेला टेकले. त्यांना आधी हायसं वाटलं, आणि मग त्यांच्यातला इंजिनिअर जागा झाला.

लखनऊत स्टॅबिलायझर नाही असं घर नव्हतं. तवा जसा कुणी सामानात मोजत नाही तसा तोही कुणी मोजत नसे, आणि पंखे-दिवे मोजताना भास्करांनीही मोजला नव्हता. तो स्वतः काही खात नाही, असं ते धरून चालले होते. पण ही पेटी म्हणजे तरी काय, एक छोटा ट्रान्सफॉर्मरच, आणि त्याचा टॅप आपोआप बदलणारा. दाब पडला की ती टॅप चढवते, घराला पुरा दाब देते. तो वरचा दाब फुकट येत नाही. तेवढी जास्त वीज ती मागच्या तारेतून जास्त प्रवाहाने ओढून घेते.

त्यांनी टेबलावरची इस्त्री लावली, चार दिवे लावले आणि पेटीच्या आत येणाऱ्या तारेला चिमटा धरला. सहा अ‍ॅम्पिअर. मग खालचा खटका फिरवला, म्हणजे पेटी मधून वगळली आणि वीज सरळ घरात घेतली. दिवे मंदावले. चार अ‍ॅम्पिअर.

दीडपट. त्यांच्या हिशेबात चार होते आणि तारेत सहा. सी ब्लॉकची सगळी तूट त्या दोन अ‍ॅम्पिअरमध्ये होती. एकाने पेटी घेतली, त्याने जास्त प्रवाह ओढला. तारेतला दाब आणखी पडला. शेजाऱ्याचा पंखा हळू झाला, त्याने पेटी घेतली. चोर कुणीच नव्हता. प्रत्येकाने बाकीच्यांचा संशय घेऊन आपापली पेटी आणली होती.

आनंदाच्या भरात भास्करांनी दिवे घालवले, इस्त्री काढली, कुलूप लावलं आणि जवळजवळ धावत सी ब्लॉकच्या ट्रान्सफॉर्मरपाशी गेले. तिथल्या फोनवरून त्यांनी मुख्य उपकेंद्रातल्या ऑपरेटरला, रामसजीवनला गाठलं. "एक एक करके चार टैप चढ़ाओ. हर टैप पर रुकना. लैब में सब बंद है ना?"

"बंद है साहब. शाम को कौन बैठता है."

भास्कर काट्यासमोर उभे राहिले. ही खरी परीक्षा होती. घरांत ए. सी. आणि भट्ट्या असतील तर दाब वाढवल्यावर प्रवाह वाढेल. पेट्या असतील तर उलटं होईल. दाब वाढला की त्या आपला टॅप उतरवतील आणि कमी ओढतील. पहिल्या टॅपला काटा किंचित वर सरकला. दुसऱ्याला तिथेच थरथरला. तिसऱ्या टॅपला समोरच्या उघड्या खिडक्यांतून टक्, टक्, टक् असा आवाज येत गेला आणि काटा खाली यायला लागला. सहाशे वीस. सहाशे. चौथ्या टॅपनंतर पाचशे चाळीस.

"साहब, उतार दूँ?" रामसजीवनने विचारलं.

"हाँ, उतार दो," भास्कर म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांना लक्ष्मीकांतला भेटावंसं वाटत होतं.

सोमवारी सक्सेनांच्या मेजावर नाव नव्हतं, आलेख होता. सक्सेना माणूस खडूस, पण इंजिनिअर पक्का. त्यांनी आलेख दोनदा पाहिला आणि टॅप बदलायला परवानगी दिली: सी ब्लॉकचा तीनवरून पाचवर, प्रयोगशाळांचे तीनवरून दोनवर. मात्र अट घातली. नुसत्या टॅपने भागणार नाही. सी ब्लॉकने पेट्या वगळायच्या, तेही सगळ्यांनी एकदम. अर्ध्यांनी ठेवल्या तर बाकीचे अर्धे मरतील. आणि हे लोकांना टेंभेकरांनीच समजावायचं.

रविवारी सकाळी वीज बंद करून टॅप फिरवले आणि लगेच कम्युनिटी हॉलमध्ये सभा भरली. सगळा सी ब्लॉक आला होता, कानपूरहून परतलेले वाळिंबेही. लोकांच्या चेहऱ्यावर विश्वास औषधालाही नव्हता.

"आपके यहाँ तो दो सौ पैंतीस आता है, साहब," मागून कुणीतरी म्हणालं. "आप बोलेंगे ही, बंद कर दो."

"हम बंद कर दें और बगल वाला न करे तो?" दुसरा म्हणाला.

भास्करांनी फळ्यावर आकृती काढली. टॅप समजावला. दाब पडतो कसा, पेटी ओढते कशी, ते सांगितलं. लोकांच्या माना हलेनात. मग त्यांनी शेवटचं हत्यार काढलं. "मैंने खुद नापा है. सी ब्लॉक के एक घर में. वही इस्तरी, वही चार बल्ब. स्टेबलाइज़र पर छह एम्पियर, बाईपास पर चार."

"किसके घर में?" पहिल्या रांगेतल्या एका बाईने विचारलं. "हमारे ब्लॉक में तो कोई नापने आया नहीं."

भास्करांच्या हातातला खडू तसाच राहिला. ते लक्ष्मीकांतकडे बघणार नव्हते, पण नजर गेलीच. लक्ष्मीकांत नीलमकडे बघत होता. नीलम खाली बघत होती. आणि त्या क्षणी भास्करना आठवलं, की त्या संध्याकाळी दिवे त्यांनी घालवले, इस्त्री काढली, पण पेटीचा खटका परत फिरवायचा राहून गेला होता. कानपूरहून परत आल्यावर वाळिंब्यांना पेटी वगळलेली सापडली असणार, पडदा सरकलेला असणार, आणि त्यावरून घरात दोन दिवस बोलणं झालं असणार.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. हातचं सगळं जाणार, असं भास्करना वाटलं. तेवढ्यात लक्ष्मीकांत उठून उभा राहिला.

"मेरे घर में नापा," तो शांतपणे म्हणाला. "मैंने ही चाबी दी थी. मैंने कहा था, देख लो. टेंभेकर साहब ठीक कह रहे हैं. आज शाम हमारा स्टेबलाइज़र बंद रहेगा. बाकी आप लोग सोच लीजिए."

लेखा विभागातला माणूस सहसा कुणाची बाजू घेत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. एक हात वर झाला, मग दोन, मग बाकीचे. सभा जिंकली.

त्या संध्याकाळी सातला भास्कर सी ब्लॉकच्या ट्रान्सफॉर्मरपाशी उभे होते. काटा साडेचारशेच्या जरा वर, त्यांच्या हिशेबाला चिकटून. ते सी-चोवीसचा जिना चढले. दारात व्होल्टमीटर बघायची गरज नव्हती, ट्यूबलाइट लख्ख होती. पण लक्ष्मीकांतने पेटीवरचा काटा दाखवला. दोनशे अठरा.

"बघ," तो म्हणाला. "अभिनंदन, यार."

"लक्ष्मीकांत, सकाळी तू..."

"नीलमला वाटलं चोर आला होता," लक्ष्मीकांत म्हणाला. "मग म्हणाली, चोर तुळशीला पाणी घालून जाईल का."

नीलम स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एरवी भाऊजी आले की ती चहाचं आधण ठेवून मगच बाहेर यायची. आज गॅस पेटलेला नव्हता. "भाऊजी, एक विचारू?" ती म्हणाली. "तुम्ही शोधायला काय आला होता?"

भास्करना खोटं बोलता आलं असतं. "भट्टी," ते म्हणाले.

नीलमने मान हलवली आणि आत गेली. बाहेर दोघेच उरले.

"मला विचारायचंस ना," लक्ष्मीकांत म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, तेच भास्करना जड गेलं. "मी दार उघडून दाखवलं असतं."

"मग तू तरी पेटी पडद्याआड का ठेवलीस? मला दिसली असती तर हे झालंच नसतं."

लक्ष्मीकांतने पेटीकडे पाहिलं. "सगळी वसाहत तुला शिव्या देत होती," तो म्हणाला. "म्हटलं, निदान आपल्या घरात तुला ती पेटी दिसायला नको. तू वाईट वाटून घेशील. नीलम म्हणत होती, टीव्हीशेजारी ठेवू. मीच म्हटलं, नको, भास्कर येतो."

 समोर पडदा बाजूला केलेला होता आणि पेटी उघडी दिसत होती, खटका खाली, बंद.

"गीताकडे आमची किल्ली आहे," लक्ष्मीकांत म्हणाला. "उद्या पाठवून दे. आणि तुमची ही घे." त्याने खुंटीवरची किल्ली काढली आणि भास्करांच्या हातात ठेवली. तिला लाल दोरा होता, गीताने बांधलेला, ओळखू यावी म्हणून.

भास्कर जिना उतरले. ब्लॉकच्या सगळ्या खिडक्यांतून सारखा उजेड बाहेर येत होता आणि कूलरचे पंखे जोरात फिरत होते. खाली दोघे-तिघे बसले होते, त्यांनी उठून नमस्कार केला. "कमाल कर दिया, साहब," एक जण म्हणाला. भास्करांनी मान हलवली आणि स्वतःच्याच घराच्या दोन किल्ल्या खिशात घेऊन ते घरी निघाले.